आठ महिन्यांचं बाळ शब्द कुठे तोडतं? आजीच्या आठ वाक्यांचा हिशोब

रामबागची_सून | शनिवार, रात्री ११:४०

लेक आता आठ महिन्यांची आहे. घरात सगळे तिला चिऊ म्हणतात, कागदावरचं नाव फक्त कागदावर. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते आणि त्यांची अखंड टकळी चालू असते. मी बाजूच्या खोलीत लॅपटॉपवर काम करत बसते, तेव्हा भिंतीपलीकडून सगळं एका सुरात ऐकू येतं. शब्द वेगळे करायला मला मेहनत पडत नाही कारण मला मराठी येतं. चिऊला कुठे येतं?

म्हणून शोधत शोधत १९९६ च्या त्या प्रसिद्ध प्रयोगापर्यंत पोचले. रोचेस्टर विद्यापीठातले जेनी सॅफ्रन, रिचर्ड ॲस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट. त्यांनी चार खोटे शब्द बनवले: तुपिरो, गोलाबु, बिदाकु, पादोती. कॉम्प्युटरच्या सपाट आवाजात, मध्ये कुठेही न थांबता, कुठेही जोर न देता ते आठ महिन्यांच्या मुलांना दोन मिनिटं ऐकवले. प्रत्येक शब्द ४५ वेळा, पण क्रम उलटसुलट. 'बि' नंतर नेहमी 'दा' येणार, 'दा' नंतर नेहमी 'कु'. पण 'कु' नंतर पा, गो किंवा तु, तिघांपैकी कुणीही. म्हणजे शब्दाच्या पोटात पुढचं अक्षर येण्याची शक्यता १ आणि शब्द संपतो तिथे ती एकदम ०.३३. अशाच रचनेच्या दुसऱ्या भागात मुलांना नंतर खरे 'शब्द' आणि 'कुपादो' सारखे दोन शब्दांवर पाय ठेवून उभे असलेले तुकडे ऐकवले, तर त्यांनी दोन्हींत फरक केला.

हे वाचून मी फार खूश झाले आणि मग जरा शंका आली. सासूबाई काही बिदाकु-पादोती बोलत नाहीत. म्हणून काल दुपारी त्यांची आठ वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवली:

१. चिऊ ये ये
२. चिऊचा पाय
३. चिऊला दूध दे
४. चल गं चिऊ
५. हा बघ काऊ
६. काऊला दे
७. काऊ ये ये
८. चिऊचा हात दे

(दूध दे, हात दे हे मला उद्देशून, स्वयंपाकघराकडे तोंड करून. चिऊला काय फरक पडतो म्हणा.)

आता 'ऊ' आठ वेळा आला. दोनदा वाक्य तिथेच संपलं. उरलेल्या सहांत दोनदा पुढे 'ये', दोनदा 'चा', दोनदा 'ला'. म्हणजे प्रत्येकी ०.३३. मी खुर्चीतून उठलेच! 'चि' नंतर ऊ नेहमी, 'का' नंतर ऊ नेहमी. म्हणजे आमच्या घरातही तेच आकडे. मग खऱ्या बोलण्यातही हे चालतं असं समजायचं का? जाणकारांनी सांगावं.

---

तात्या_छावणीवाले | रविवार, सकाळी ७:०५

सूनबाई, मुलगी आठ महिन्यांची आहे, आत्तापासून बोलत नाही म्हणून कशाला काळजी करता? आमचा नातू दोन वर्षांचा होईपर्यंत 'हं' शिवाय बोलत नव्हता, आता पुण्यात शाळेत बाईंच्या डोक्याला ताप झालाय. आमच्या आईने त्याच्या जिभेला वेखंड उगाळून लावलं होतं. सकाळी सराफ्यातून मिळेल.

---

रामबागची_सून | रविवार, सकाळी ८:२०

तात्या, ती बोलत नाही ही तक्रार नाहीये. ती ऐकते कशी हा प्रश्न आहे. वेखंड राहू द्या, आमच्या डॉक्टरबाई रागावतील.

---

गणिती_मन | रविवार, सकाळी ९:१५

ताई, यात गूढ काही नाही. मूल फक्त मोजतं. जी जोडी जास्त वेळा कानावर पडते ती शब्द, जी कमी वेळा पडते ती नाही. 'बिदाकु' ४५ वेळा आला, 'कुपादो' त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळा. तुमचं १ आणि ०.३३ वगैरे सजावट आहे, साधी वारंवारता पुरे.

---

ध्वनिवेडा | रविवार, दुपारी १२:३०

वडोदऱ्याहून लिहितोय. काही वर्षं लहान मुलांच्या श्रवणावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. आता धंदा वेगळा, पण खोड जात नाही.

गणिती_मन, १९९६ च्या प्रयोगावर तुमचा आक्षेप अगदी रास्त आहे आणि तो घेतलाही गेला होता. म्हणून त्याच तिघांनी १९९८ मध्ये दुसरा प्रयोग केला. त्यात चारपैकी दोन शब्द दुप्पट वेळा ऐकवले. ते दोन जिथे एकमेकांना भिडतात तिथला अर्धवट तुकडा आणि कमी वेळा आलेले शब्द, दोन्ही बरोबर ४५-४५ वेळा कानावर पडतील अशी रचना होती. वारंवारता सारखी, फरक फक्त 'यानंतर हे येईलच' या खात्रीत. मुलांनी तरीही फरक केला. म्हणजे नुसतं किती वेळा आलं हे पुरत नाही. 'बि' जेवढ्या वेळा आला त्यातल्या किती वेळा पुढे 'दा' होता, हे गुणोत्तर लागतं. यालाच ट्रान्झिशनल प्रॉबॅबिलिटी म्हणतात. पुढे टीपी म्हणतो, बोटं दुखतात.

आता ताईंचा हिशोब. आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही मधेच उठलात. तो शेवटपर्यंत न्या. नियम असा घ्या की जिथे टीपी दोन्ही बाजूंच्या टीपीपेक्षा खाली जाते, तिथे दरी, तिथे कापायचं. वाक्याच्या टोकांना कापायची गरज नाही, ती फुकट मिळतात. आता आठही वाक्यं कापा आणि काय हाती लागतं ते इथे लिहा. मी सांगत नाही.

---

रामबागची_सून | रविवार, दुपारी ३:५०

केलं. चिऊ झोपली होती म्हणून झालं.

तिसरं वाक्य बघा. चि→ऊ १, ऊ→ला ०.३३, ला→दूध ०.५ (कारण 'ला' दोनदा आला, एकदा पुढे दूध, एकदा दे), दूध→दे १. दरी एकच, ऊ आणि ला यांच्या मध्ये. म्हणजे 'चिऊ | लादूधदे'. ला जिला चिकटायला हवा होता तिला सोडून दुधाला चिकटला!

दुसरं: चिऊ | चापाय. आठवं: चिऊ | चाहातदे. सहावं: काऊ | लादे. पहिलं आणि सातवं: चिऊ | येये, काऊ | येये, कारण ये नंतर काही आलं तर ते ये च.

चौथं आणि पाचवं तर कापलेच जात नाही. 'चल' नंतर नेहमी 'गं', 'गं' नंतर नेहमी 'चि'. सगळं १, १, १. म्हणजे 'चलगंचिऊ' हा चिऊच्या दृष्टीने एक शब्द आणि 'हाबघकाऊ' दुसरा.

एकूण १४ तुकडे निघाले. 'चिऊचा' हा एक शब्द धरला तर त्यातले फक्त २ बरोबर. 'चिऊ' वेगळा आणि 'चा' वेगळा धरायला परवानगी दिली तर ६ बरोबर, पण मग शोधायचे एकूण २६ होते. कालचा आनंद गेला.

---

गणिती_मन | रविवार, संध्याकाळी ४:१०

१४ पैकी ६ म्हणजे ४३ टक्के आणि २६ पैकी ६ म्हणजे २३ टक्के. आठ वाक्यांतून अजून काय अपेक्षा? डेटा वाढवा. आठ हजार वाक्यं घ्या, 'चल' नंतर दहा वेगळ्या गोष्टी येतील, 'चलगंचिऊ' आपोआप फुटेल. मोठ्या संख्येत सगळं जागेवर बसतं.

---

ध्वनिवेडा | रविवार, संध्याकाळी ६:४५

अर्धं बरोबर. 'चलगंचिऊ' आणि 'हाबघकाऊ' फुटतील. पण दुसरा एक रोग आहे तो डेटा वाढवून जात नाही.

आधी एक गंमत. चार्ल्स यांग या भाषाशास्त्रज्ञाने २००४ मध्ये हाच दरीचा नियम इंग्रजीत आयांनी मुलांशी केलेल्या खऱ्या बोलण्यावर चालवला. सव्वादोन लाख शब्दांच्या वर मजकूर होता. निघालेल्या तुकड्यांपैकी ४१.६ टक्के खरे शब्द होते आणि असलेल्या शब्दांपैकी २३.३ टक्के सापडले. ताईंचे ४३ आणि २३ हे आकडे त्याला इतके जवळ आले हा निव्वळ योगायोग आहे, कृपया फेसबुकवर टाकू नका. पण गणिती_मन, मुद्दा बघा: सव्वादोन लाख शब्द देऊनही गाडी तिथेच अडली.

का अडली? कारण दरी व्हायला दोन्ही बाजूंना चढ लागतो. चढ म्हणजे शब्दाच्या पोटातली टीपी, आणि पोट असायला शब्दात निदान दोन अक्षरं हवीत. बिदाकु-पादोतीत प्रत्येकाला तीन होती, म्हणून दऱ्या ठसठशीत. इंग्रजीत आई मुलाशी बोलते ते बहुतेक एका अक्षराचे शब्द. यांगच्या मोजणीत एका अक्षराच्या शब्दानंतर पुन्हा एका अक्षराचाच शब्द येतो, असं ८५ टक्के वेळा. दोन सांधे लागून आले की दोन्ही जागी दरी होऊच शकत नाही, कारण एक दुसऱ्यापेक्षा खाली असणार आणि वरचा हुकणार. तुमच्या वहीत 'दूध दे', 'हात दे', 'ये ये' सगळे तिथेच मेले. हजार वेळा ऐकवा, लागून असलेल्या दोन खड्ड्यांतला एकच दिसेल.

(मी 'अक्षर' म्हणतोय ते उच्चारातलं. 'दूध' लिहिताना दोन, बोलताना एकच झटका. हे पुढे कामाला येणार आहे.)

---

शंकासुर | रविवार, रात्री ९:००

मूळ प्रयोगच मला पचत नाही. आठ महिन्यांच्या मुलाने 'फरक केला' हे कळलं कसं? ते काय हात वर करतं का?

---

ध्वनिवेडा | रविवार, रात्री ९:४०

रास्त शंका. बाळ आईच्या मांडीवर बसतं. आईच्या कानाला हेडफोन, त्यात गाणी, म्हणजे तिने नकळत इशारा द्यायला नको. समोर एक दिवा आणि दोन्ही बाजूंना एकेक दिवा, त्याच्यामागे स्पीकर. बाजूचा दिवा लुकलुकायला लागला की बाळ तिकडे वळतं, मग त्या स्पीकरमधून एकच शब्द पुन्हा पुन्हा वाजतो. बाळाने दोन सेकंद मान फिरवली की आवाज बंद, आणि किती वेळ बघत होतं ते नोंदवलं जातं. १९९६ च्या दुसऱ्या भागात २४ मुलं होती. शब्दांसाठी सरासरी ६.७७ सेकंद, अर्धवट तुकड्यांसाठी ७.६०. म्हणजे नवं वाटलं ते जास्त वेळ ऐकलं, ओळखीचं ऐकून कंटाळा आला.

---

शंकासुर | रविवार, रात्री ९:५५

पाऊण सेकंदावर जग उभं केलंय म्हणा की.

---

ध्वनिवेडा | रविवार, रात्री १०:१५

पाऊण सेकंदाने इतकंच सिद्ध होतं की दोन्ही गोष्टी बाळाला सारख्या वाटल्या नाहीत. 'हा शब्द आहे' असं बाळाला वाटलं, हे त्यातून निघत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग लागला. २००७ मध्ये १७ महिन्यांच्या मुलांना आधी असाच प्रवाह ऐकवला, मग त्यातले तुकडे नव्या वस्तूंची नावं म्हणून शिकवले. मुलं खऱ्या 'शब्दांना' नाव म्हणून स्वीकारत होती, सांध्यावरच्या तुकड्यांना नाही. पण ती १७ महिन्यांची. चिऊच्या वयाबद्दल एवढं मी छातीठोक म्हणणार नाही.

आणि तुमच्या बाजूने एक पुरावा देतो. २०१० मध्ये एलिझाबेथ जॉन्सन आणि मायकेल टायलर यांनी डच मुलांवर हेच करून बघितलं, साडेपाच महिन्यांच्या आणि आठ महिन्यांच्या. सगळे शब्द एका लांबीचे ठेवले तर मुलांनी ओळखले. मग दोन शब्द दोन अक्षरांचे आणि दोन शब्द तीन अक्षरांचे केले. बाकी टीपी तितकीच चोख, पोटात १. मुलांना काही जमलं नाही. म्हणजे एकसारखी लांबी ही गुपचूप मदत करत होती, जी खऱ्या भाषेत कोणी देत नाही.

---

मालव्याची_मैना | सोमवार, सकाळी १०:३०

मला वाटतं तुम्ही सगळे इंदूर विसरलात. आमच्या घरी आई मराठी, आमचे हे हिंदी, भांड्यांना येणारी बाई मालवी. आमचा मुलगा तर 'मेरेको भूक लागली' म्हणतो, दोन्ही बाजूंनी शिव्या खातो. ताई, तुमच्या वहीत हिंदी कुठेय? घरात एक तरी माणूस 'चिऊ का पैर' म्हणत असणारच.

---

रामबागची_सून | सोमवार, दुपारी १:००

बरोबर पकडलंत! कामाच्या मावशी रोज म्हणतात: 'चिऊ का पैर', 'चिऊ का हाथ', 'चिऊ का दूध'. ही तीन वाक्यं मिळवली.

'का' आता सहा वेळा. तीनदा काऊमधला, तीनदा हिंदीतला. म्हणजे का→ऊ १ वरून ०.५ वर घसरला. 'ऊ' नंतरचे ये, चा, ला प्रत्येकी ०.३३ वरून ०.२२. काऊ अजून टिकला, कारण त्याच्यानंतरची दरी ०.२२ ची आहे. पण 'चिऊ का पैर' मध्ये १, ०.३३, ०.१७ असा नुसता उतार आहे, दरीच नाही. पूर्ण वाक्य एक शब्द.

---

ध्वनिवेडा | सोमवार, दुपारी ३:२०

हे दोन्ही हिशोब एका वहीत मांडले तर असंच होणार. पण मावशींचा आवाज आणि आजीचा आवाज एक नाही. २००९ मध्ये डॅनियल वाइस आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना दोन बनावट भाषा आलटून पालटून ऐकवल्या, अशा की एकत्र मोजल्या तर एकमेकींचे आकडे बिघडवतील. दोन्ही एकाच आवाजात असताना लोक गडबडले. एक बाईच्या आणि एक पुरुषाच्या आवाजात दिली तर दोन वह्या आपोआप वेगळ्या ठेवल्या गेल्या. हे मोठ्यांवरचं आहे, बाळांना लावताना जपून. आणि मैनाताई, तुमच्या घरात तर एकच माणूस एका वाक्यात दोन्ही भाषा बोलतो. तिथे आवाजाचा आधारही सुटतो. तुमचा मुलगा तरीही बोलायला शिकला, म्हणजे वाट आहे. कुठली, ते मला माहीत नाही.

---

तात्या_छावणीवाले | सोमवार, संध्याकाळी ५:३०

एक अडाण्याचा प्रश्न. पोराला स्वतःचं नाव तर सगळ्यात आधी कळतं. आमचा नातू पाच महिन्यांचा असताना हाक मारली की वळायचा. मग ते नावच खुंटी धरून बाकीचं सोडवत असेल की. 'चिऊचा पाय' मध्ये चिऊ ओळखीची, उरलं ते नवं.

---

ध्वनिवेडा | सोमवार, संध्याकाळी ६:१०

तात्या, वेखंडाचं माफ! तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. साडेचार महिन्यांची मुलं स्वतःच्या नावाचा आवाज ओळखतात हे १९९५ मध्ये दिसलं आणि २००५ मध्ये हेदर बोर्टफेल्ड आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरी दाखवली. सहा महिन्यांच्या मुलांना वाक्यं ऐकवली. काहींत बाळाचं स्वतःचं नाव आणि त्याला लागून एक नवा शब्द, काहींत दुसऱ्या कुणाचं नाव आणि दुसरा नवा शब्द. आपल्या नावामागून आलेला शब्द मुलांनी नंतर ओळखला, परक्या नावामागचा नाही. सहा महिने हे बहुतेक तोडणीच्या प्रयोगांपेक्षा लहान वय आहे.

पण मराठीत खुंटीला प्रत्यय लटकतो. चिऊ काढली की उरतं 'चापाय', 'पाय' नाही.

---

गणिती_मन | सोमवार, रात्री ८:००

चा, ला, ने हे इतक्या वेळा येतात की मूल तेही वेगळे काढेल. मग चिऊ + चा + पाय. उलट मराठीत सोपं झालं. नाव एक खुंटी, प्रत्यय दुसरी खुंटी. हे तरी मान्य करा.

---

ध्वनिवेडा | सोमवार, रात्री ९:३०

चिऊसाठी मान्य. हंगेरियन ही आपल्यापेक्षाही प्रत्ययांची भाषा, आणि तिथली १५ महिन्यांची मुलं प्रत्यय बाजूला करून मूळ शब्द ओळखतात असं दिसलंय. म्हणजे तुमचा तर्क हवेत नाही.

पण मी अक्षराबद्दल म्हणालो होतो ते आता. 'दूध' एक झटका. 'दुधाला' म्हणा, हळू म्हणा: दु-धा-ला. 'दूध' हे अक्षर त्यात कुठेच नाही! ऊ चा उ झाला, ध उडून पुढच्या स्वराला जाऊन बसला. पाय: एक. पायाला: पा-या-ला. हात: एक. हातात: हा-तात. घर: एक. घरात: घ-रात. अक्षरांची टीपी मोजणाऱ्या बाळाला 'दूध' आणि 'दु-धा' यांच्यात काडीचं नातं दिसणार नाही. 'दूध' नंतर काय येतं याची एक वही, 'दु' नंतर काय येतं याची दुसरी. बिदाकु हा बिदाकुच राहतो, त्याला कोणी 'बिदाक्याला' म्हणत नाही. प्रयोगातला शब्द दगडाचा असतो, आपला ओल्या मातीचा.

यावर मराठी मुलांवर केलेलं काही माझ्या वाचनात नाही, म्हणून हे माझं डोकं समजा.

---

शंकासुर | सोमवार, रात्री १०:०५

मग सरळ म्हणा ना की १९९६ चा प्रयोग प्रयोगशाळेपुरता.

---

ध्वनिवेडा | सोमवार, रात्री १०:५०

तसं नाही म्हणणार. २००९ मध्ये ब्रुना पेलुकीने आठ महिन्यांच्या अमेरिकन मुलांना खऱ्या बाईने बोललेली खरी इटालियन वाक्यं ऐकवली, चढउतारासकट. मुलांनी इटालियन कधी ऐकलं नव्हतं. तरी १ टीपीचे शब्द आणि ०.३३ टीपीचे शब्द त्यांनी वेगळे ओळखले, आणि दोन्ही सारख्याच वेळा आले होते. हिशोबाची क्षमता आहेच आणि ती खऱ्या आवाजावरही चालते. पण वाक्यं मुद्दाम रचलेली होती, आकडे आधी ठरवून. क्षमता असणं आणि तेवढ्यावर घर चालणं यात अंतर आहे.

यांगनेही दुसरी चाल दिली होती. इंग्रजीत एका शब्दात एकच मुख्य आघात असतो एवढं बाळाने गृहीत धरलं, तर दोन आघात दिसले की मध्ये कुठेतरी भिंत आहे हे कळतं. हे जोडल्यावर त्याचे आकडे सत्तरीच्या वर गेले. आपल्याकडे इंग्रजीसारखा ठसठशीत आघात नाही, त्यामुळे ती किल्ली मराठी कुलपाला बसेल असं वाटत नाही. आणि दरीचा नियम सोडून दुसऱ्या रीतीने मोजलं तर काय, हा वाद अजून चालू आहे. त्यात मी पडत नाही, रात्र झाली.

---

रामबागची_सून | मंगळवार, दुपारी २:१५

काल रात्री हे वाचून मी आज सासूबाईंचं पुन्हा ऐकत बसले, या वेळी फोनवर वीस मिनिटं रेकॉर्ड करून. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "माझं काय रेकॉर्ड करायचंय, पोहे जळतील ते बघ."

एक गोष्ट कानात अडकली. त्या चिऊशी बोलताना 'दूध' म्हणतच नाहीत! ते फक्त माझ्यासाठी. तिला म्हणतात 'दुधू'. कुत्रा नाही, भूभू. मांजर नाही, माऊ. कावळा नाही, काऊ. जेवण नाही, मंमं. झोप नाही, गाई. सगळे दोन झटक्यांचे. जॉन्सन-टायलरच्या डच मुलांना जी एकसारखी लांबी लागत होती ती सासूबाई फुकट देतायत.

आणि दुसरं. यातले बहुतेक स्वरावर संपतात. माऊला, माऊचा, काऊने, भूभूला. काहीही लावा, मूळ शब्द जसाच्या तसा. दु-धा-ला होत नाही, दु-धू-ला होतं. मातीचा शब्द त्यांनी भाजून दिलाय.

---

ध्वनिवेडा | मंगळवार, दुपारी ४:००

ताई, हे मी आजवर कुठे वाचलं नव्हतं आणि मला आवडलं. दोन ठिकाणी मात्र टोचतो.

एक: मंमं स्वरावर संपत नाही, अनुनासिकावर संपतो. 'गाई' ला 'गाईगाई' करतात का ते बघा, मग चार झटके झाले, लांबी गेली. वीस मिनिटांतले सगळे मोजून लिहा, आवडलेले तेवढेच नको.

दोन: चिऊ, काऊ, माऊ सगळ्यांच्या शेवटी 'ऊ' आहे. तुमच्या पहिल्या दिवसाच्या ०.३३ चं रहस्य तेच होतं. सगळ्या शब्दांचं शेपूट एकच असलं की त्यानंतर काहीही येऊ शकतं, दरी खोल होते. तुम्ही खूश झालात तो आकडा आजीच्या 'ऊ' ने दिलेला होता. बाळ टीपी मोजतंय की नुसतं 'ऊ आला की शब्द संपला' एवढं शिकलंय, हे तुमच्या वहीवरून सांगता येणार नाही. दोन्हींचं उत्तर एकच येतं.

---

मालव्याची_मैना | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

आमच्याकडे ताऊ पण आहेत हो. त्यांना काऊसारखंच कापायचं का?

---

रामबागची_सून | मंगळवार, रात्री ११:२०

😄

वीस मिनिटांतली पहिली सहा उतरवून झाली. मंमं नऊ वेळा, त्यातलं सात वेळा एकटंच, पुढेमागे काही नाही. गाई चार वेळा, चारही वेळा 'गाईगाई'. ध्वनिवेडा, हरले. दुधू अकरा वेळा, पण 'दुधूला' एकदाही नाही. नेहमी 'दुधू पी' किंवा 'दुधू हवं'. म्हणजे प्रत्यय लागल्यावर शब्द टिकतो हा माझा मुद्दा दुधूवर तपासायला त्यांनी संधीच दिली नाही.

एक अडचण: 'गं' कसा मोजायचा? 'चल गं' मध्ये तो स्पष्ट वेगळा ऐकू येतो, पण 'काय गं' त्या इतक्या जोडून म्हणतात की मला 'कायगं' असंच ऐकू येतंय. एक झटका की दोन? उरलेली चौदा मिनिटं हे ठरल्यावर.